शंभर टक्के वनौषधी, दोन टक्के सिब्युट्रामिन

२०२५ मध्ये वजन कमी करणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतीय बाजारात आली आणि लठ्ठपणावर औषध असू शकते, ही कल्पना घरोघरी पोहोचली. ही इंजेक्शने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशी अपेक्षा आहे आणि बाजारात आली तेव्हा ती स्वस्तही नव्हती. त्यामुळे ‘तोच परिणाम, पण नैसर्गिक’ असे सांगणाऱ्या कॅप्सूल, चहा आणि भुकट्यांना मोकळे मैदान मिळते. त्यांच्या डबीवर गार्सिनिया, हिरवा चहा, त्रिफळा, गुग्गुळ अशी ओळखीची नावे असतात. त्या नावांमागे एखादे न सांगितलेले औषध दडले आहे काय, हा प्रश्न मात्र विकत घेणाऱ्याला सहसा पडत नाही. पडला, तरी त्याचे उत्तर शोधण्याचे साधन त्याच्या हाती नसते.

या प्रश्नाचा सर्वांत शिकवणारा नमुना म्हणजे सिब्युट्रामिन. त्याच्यावर बंदी का आली, ते वनौषधींच्या कॅप्सूलमध्ये का शिरले आणि प्रयोगशाळेलाही ते काही वेळा का सापडत नाही, हे नीट पाहिले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. वेष्टनावरच्या काही खुणा खरोखर उपयोगी आहेत, ही पहिली. त्या खुणांच्या भरवशावर ग्राहकाला सोडून देणे हे नियंत्रक यंत्रणेचे अपयश आहे, ही दुसरी.

*एका औषधाची कारकीर्द*

सिब्युट्रामिन हा रेणू १९८०च्या दशकात नैराश्यावरील औषध म्हणून अभ्यासला गेला. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही द्रव्ये सोडतात आणि काम झाल्यावर ती परत शोषून घेतात. सिब्युट्रामिन हे पुनर्शोषण अडवते. नैराश्यावर त्याचा अपेक्षित गुण आला नाही. पण ते घेणाऱ्यांना लवकर पोट भरल्यासारखे वाटते आणि वजन उतरते, असे दिसून आले. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला लठ्ठपणावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा दिवसाला १० मिलिग्रॅम, फार तर १५. भारतातही ते चिठ्ठीवर मिळत असे.

नॉरएपिनेफ्रिनचा संबंध केवळ भुकेशी नाही. ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढवते. सरासरीने पाहिले तर ही वाढ किरकोळ होती: नाडीत मिनिटाला चार-पाच ठोके आणि रक्तदाबात एक ते तीन अंश. सरासरीत किरकोळ दिसणारी ही वाढ दुबळ्या हृदयाला किती महाग पडते, हे तपासण्यासाठी ‘स्काउट’ नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या, ५५ वर्षांपुढील सुमारे ९,८०० जणांना दोन गटांत विभागून सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास त्यांचा मागोवा घेतला गेला. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांत १० टक्के होत्या. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. परंतु जे औषध वजन उतरवून हृदयाचे रक्षण करील अशी आशा होती, त्याने शंभरामागे एक ते दोन जणांना जादा झटका किंवा पक्षाघात दिला आणि त्या बदल्यात काही किलोंपलीकडे वजन कमी केले नाही.

त्याच वर्षी युरोपने ते थांबवले, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बाजारातूनही ते मागे घेतले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्याच्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी घातली. औषध म्हणून त्याची कारकीर्द तेथे संपली.

*दोन टक्क्यांचे अर्थकारण*

भेसळ म्हणून ती संपली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या पूरकांबद्दल इशारे दिले, त्यांचा आढावा २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला. एकूण ७७६ उत्पादनांमध्ये न सांगितलेली औषधे सापडली होती. त्यांतील ३१७ वजन कमी करण्याची होती आणि या ३१७ पैकी २६९ मध्ये, म्हणजे जवळजवळ ८५ टक्क्यांमध्ये, सिब्युट्रामिन होते. हे प्रमाण बाजारातील सर्व पूरकांचे नाही, पकडल्या गेलेल्यांचे आहे. पण भेसळ करणाऱ्याची पहिली पसंती कोणती, ते त्यातून कळते.

ही पसंती एका साध्या हिशेबात मांडता येते. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम भुकटी मावते असे धरू. त्यात १० मिलिग्रॅम सिब्युट्रामिन मिसळले तर ते वजनाच्या दोन टक्के होते. उरलेले ९८ टक्के खरोखरच वनस्पतींचे असू शकतात. एक किलो सिब्युट्रामिनमध्ये अशा एक लाख मात्रा, म्हणजे तीस कॅप्सूलच्या तीन हजारांहून अधिक डब्या निघतात. भुकटी पांढरी असते आणि हिरवट-तपकिरी चूर्णात दोन टक्के पांढरे कण डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. वनस्पतींचा कडवट वास व चव उरलेले काम करतात. ग्राहकाला मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूक मंदावल्याचे जाणवते आणि तो डबी पुन्हा मागवतो. जे ९८ टक्के डबीवर छापले आहेत त्यांच्यामुळे हे घडते, अशी त्याची समजूत होते.

या मात्रेवर कोणाचेही नियंत्रण नसते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. २००६ मध्ये न्यायवैद्यक विज्ञानाच्या एका नियतकालिकात जर्मन संशोधकांनी एका तरुणीचे प्रकरण मांडले. वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या चिनी कॅप्सूल घेतल्यावर तिला डोकेदुखी, चक्कर आणि बधिरपणा जाणवू लागला होता. कॅप्सूल तपासली तेव्हा एकेका कॅप्सूलमध्ये सुमारे २७ मिलिग्रॅम सिब्युट्रामिन निघाले. औषध कायदेशीर होते तेव्हाच्या नेहमीच्या मात्रेच्या हे अडीचपट आणि कमाल मात्रेच्या दुपटीच्या जवळ आहे. युरोपात ते त्या काळी चिठ्ठीवर मिळत होते. त्या तरुणीला डॉक्टरने ते दिले असते, तर आधी रक्तदाब पाहिला असता आणि इतर औषधांची चौकशी केली असती. नैराश्यावरील अनेक औषधांबरोबर सिब्युट्रामिन घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकते. ‘शंभर टक्के वनौषधी’ असे छापलेली डबी हा प्रश्न विचारतच नाही.

*भुकटी मिसळण्याचे भौतिकशास्त्र*

एखादी कॅप्सूल तपासून १० मिलिग्रॅम निघाले, तर त्याच डबीतील दुसरीतही तितकेच असेल काय? हा प्रश्न कणरूप पदार्थांच्या भौतिकशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहण्याजोगे आहे.

औषधाचे कण एक दशांश मिलिमीटर व्यासाचे आणि गोल आहेत, त्यांची घनता पाण्याहून थोडी अधिक, १.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे, असे धरू. एका कणाचे वजन सुमारे ०.६ मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या मात्रेत सोळा हजारांच्या आसपास कण येतात. मिश्रण पूर्णपणे यादृच्छिक झाले असेल, तर कणांच्या संख्येतील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १२६ कणांचा असतो. मात्रेतील फरक एक टक्क्याच्याही खाली राहतो.

आता हीच भुकटी ओलसर राहिली, नीट दळली गेली नाही आणि एक मिलिमीटरच्या गुठळ्या शिल्लक राहिल्या, असे समजू. व्यास दहापट झाला की वजन हजारपट होते. एका गुठळीचे वजन ०.६ मिलिग्रॅम आणि एका मात्रेत गुठळ्या केवळ सोळा. सोळाचे वर्गमूळ चार. मात्रेतील सर्वसाधारण चढउतार आता २५ टक्क्यांचा झाला. तीस कॅप्सूलच्या डबीत एखादी ५ मिलिग्रॅमची आणि एखादी १५ मिलिग्रॅमची निघणे अगदी अपेक्षित ठरते. हा हिशेबही आदर्श मिश्रणाचा आहे. प्रत्यक्षात पिंप हलवताना, वाहतुकीत हादरे बसताना जड-हलके आणि लहान-मोठे कण वेगळे होत जातात. पोह्यांच्या चिवड्यात शेंगदाणे आणि शेव डब्यात वेगवेगळ्या थरांत सापडतात, तोच हा प्रकार. अधिकृत औषधनिर्मितीत प्रत्येक गोळीतील मात्रा सारखी आहे का, याची स्वतंत्र चाचणी सक्तीची असते, ती याच कारणाने. लपवून मिसळणाऱ्याने ती चाचणी केली असेल, असे समजण्यास जागा नाही. म्हणूनच ‘महिनाभर घेतले, काही झाले नाही’ हा अनुभव पुढच्या डबीबद्दल, किंबहुना पुढच्या कॅप्सूलबद्दलही, काहीच हमी देत नाही.

*‘लॅब टेस्टेड’ म्हणजे काय तपासले?*

या भेसळीवरचा उपाय म्हणून डबीवर ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ समजण्यासाठी तपासणी कशी होते, ते थोडक्यात पाहावे लागेल.

कॅप्सूलमधील भुकटी योग्य द्रावकात विरघळवून क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून पाठवतात. घटक कमी-अधिक वेगाने पुढे सरकतात आणि वेगळे होतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाला विद्युतभार देऊन मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे वस्तुमान मोजतो. भारित सिब्युट्रामिनचा रेणू २८० या आकड्यावर दिसतो. त्यात क्लोरीनचा एक अणू असतो आणि निसर्गात क्लोरीनची ३५ व ३७ वस्तुमानांची समस्थानिके साधारण तीनास एक या प्रमाणात आढळतात. म्हणून २८०च्या शिखराशेजारी २८२वर त्याच्या एक तृतीयांश उंचीचे शिखर उभे राहते. ही जोडी क्लोरीनची सही म्हणता येईल. नंतर २८०चा रेणू आदळवून फोडला, तर १२५ वस्तुमानाचा तुकडा मिळतो. नळीतून बाहेर पडण्याची वेळ, २८० आणि १२५ ही तिन्ही लक्षणे जुळली, की ओळख पक्की.

ही पद्धत अतिशय संवेदनशील आहे. पण नेहमीच्या तपासणीत यंत्राला आधीच ठरवून दिलेल्या जोड्यांवरच नजर ठेवायला सांगितलेले असते. भेसळ करणाऱ्या रसायनतज्ज्ञालाही हे ठाऊक असते. सिब्युट्रामिनमधील एक मिथाइल गट काढून टाकला की डेसमिथाइलसिब्युट्रामिन मिळते. त्याचा आकडा २८० ऐवजी २६६. शरीरात गेल्यावर यकृत सिब्युट्रामिनचे याच रेणूत रूपांतर करते आणि औषधाचा बराचसा परिणाम त्याचाच असतो. म्हणजे ग्राहकाच्या शरीराला दोन्ही सारखेच; केवळ २८०ची वाट पाहणाऱ्या यंत्राला मात्र दुसरा दिसत नाही. बेंझिलसिब्युट्रामिनसारखे, औषध म्हणून कधीच न तपासलेले चुलतभाऊही पूरकांत सापडले आहेत.

अशा चुलतभावांचा धोका मूळ औषधाहून मोठा असू शकतो. २००२ मध्ये सिंगापूर आणि जपानमध्ये वजन उतरवणाऱ्या कॅप्सूल घेणाऱ्यांची यकृते निकामी झाली. सिंगापुरातील एका अभिनेत्रीला यकृतप्रत्यारोपण करावे लागले. त्या कॅप्सूलमध्ये एन-नायट्रोसोफेनफ्लुरामिन सापडले. फेनफ्लुरामिन हे औषध हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्येच बाजारातून गेले होते. त्यालाच एक गट जोडून बनवलेला हा रेणू कोणत्याही देशात औषध म्हणून मान्य नव्हता.

म्हणून तपासणीचा अहवाल वाचताना निष्कर्षाआधी तपासलेल्या गोष्टींची यादी पाहावी. जड धातू, जिवाणू, प्रथिनांचे प्रमाण यांचा स्वच्छ अहवाल दडवलेल्या औषधाबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

*डबी काय सांगते, काय सांगत नाही*

वेष्टनावरच्या खुणांत सर्वांत भरवशाची खूण खुद्द दाव्यात असते. ‘महिन्यात १० किलो’ हा दावा घ्या. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. दहा किलोंसाठी ७७,००० आणि तीस दिवसांत वाटल्या तर रोज २,५००हून अधिक किलोकॅलरींची तूट लागते. अनेक प्रौढांचा दिवसभराचा संपूर्ण ऊर्जाव्यय याहून कमी असतो. उपास केला तरी एवढी चरबी जळणार नाही. सुरुवातीला उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, हे मान्य करूनही दावा उभा राहत नाही. मग तो एकतर खोटा आहे, किंवा चूर्णात शरीराला धक्का देणारे काहीतरी आहे.

दुसरी खूण म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधाशी केलेली तुलना. ‘अमुक इंजेक्शनचा नैसर्गिक पर्याय’ असे लिहिणारा विक्रेता औषधाच्या परिणामाचे आश्वासन देतो आणि औषधाच्या कायद्यातून सुटू पाहतो. अमेरिकी प्रशासन ग्राहकांना देत असलेल्या इशाऱ्यांतही ही खूण आहे.

तिसरी खूण सहज निसटते. डबीवर ‘केवळ वनस्पती’ असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत ‘उच्च रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी अथवा नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांनी घेऊ नये’ असे असेल, तर थांबावे. काही वनस्पतींसाठी असा इशारा योग्य असतो. पण यादीत तशी एकही वनस्पती नसेल, तर इशारा कोणत्या घटकासाठी छापला, हा प्रश्न उरतो. शक्तिवर्धक भुकट्यांवर याचेच भावंड दिसते: ‘उत्तेजक चाचणीत दोष निघू शकतो.’ व्यायामाआधी घ्यायच्या भुकट्यांत मिथाइलहेक्सानामीन हे उत्तेजक ‘जिरेनियमचा अर्क’ या नावाने येत असे. मुळात ते १९४०च्या दशकात नाक मोकळे करण्यासाठी बनवलेले कृत्रिम औषध होते. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर अनेक भारतीय खेळाडूंच्या नमुन्यांत ते सापडले होते.

चौथी खूण नियमांतून येते. भारतात आरोग्य पूरकाच्या डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ हे शब्द, दिवसाला किती घ्यायचे त्याची मर्यादा, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. आयात मालावर आयातदाराचा पत्ता व क्रमांक हवा. मजकूर केवळ परकीय भाषेत असेल, किंवा विक्री फक्त व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरच्या संदेशांतून होत असेल, तर ते पुरेसे कारण आहे. परवाना क्रमांक foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर टाकून तो कोणाच्या नावे आहे, ते पाहता येते.

या शेवटच्या खुणेची मर्यादाही लक्षात ठेवावी. परवाना क्रमांक व्यवसायाची ओळख पटवतो. त्या बॅचमधील कॅप्सूल कोणी तपासली, असे तो सांगत नाही. शिवाय क्रमांक, बोधचिन्ह, क्यूआर कोड, सगळे काही छापता येते. खुणा असतील तर संशय घ्यावा, हे बरोबर. खुणा नाहीत म्हणून निश्चिंत व्हावे, हे चूक.

*दोन खात्यांमधली फट*

आता मुद्दा धोरणाचा. भारतात पूरके अन्न सुरक्षा कायद्याखाली येतात, औषधे औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि आयुर्वेदिक उत्पादनांना राज्यांच्या आयुष यंत्रणा परवाने देतात. पूरकात औषध असता कामा नये, हे कायदा स्पष्ट सांगतो. पण परवाना देताना पाहिली जाते ती उत्पादकाने स्वतः लिहून दिलेली घटकांची यादी. अन्नाच्या नेहमीच्या चाचण्यांचा रोख जिवाणू, जड धातू, कीटकनाशके अशा दूषितांवर असतो. जे यादीत लिहिलेले नाही आणि जे दूषित म्हणून अपेक्षितही नाही, ते शोधणे कोणाच्याही रोजच्या कामात बसत नाही. लठ्ठपणा बरा करण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहे. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलचा विक्रेता याच रेषेच्या पलीकडे उभा राहतो.

यावर ‘प्रत्येक बॅच तपासणे परवडणार नाही, प्रामाणिक लहान उद्योग बुडतील’ असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. पण भेसळीचा हिशेबच त्याला उत्तर देतो. परिणाम दिसण्यासाठी सिब्युट्रामिन दोन टक्क्यांच्या आसपास मिसळावे लागते. वीस वेगवेगळ्या बॅचचे समान नमुने एकत्र केले आणि त्यांतील एकच भेसळीची असली, तरी मिश्रणात तिचे प्रमाण ०.१ टक्का, म्हणजे दहा लाखांत हजार भाग राहते. दहा लाखांत एखादा भाग ओळखणाऱ्या यंत्राला हे कठीण नाही. मिश्रण निर्दोष निघाले, तर एका चाचणीत वीस बॅच निकालात निघाल्या. दोष दिसला, तरच एकेक तपासायची. एप्रिल २०२०मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविडच्या चाचण्यांसाठी नमुने एकत्र करण्याचा हाच मार्ग सुचवला होता. वनस्पतींच्या अर्कांची गर्दी यंत्राचा संकेत काही प्रमाणात दाबते, त्यामुळे वीस ऐवजी दहाच नमुने एकत्र करावे लागतील. तरी खर्च दहापटीने उतरतो.

देशात क्षमताही आहे. खेळाडूंच्या पूरकांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय औषध शिक्षण व संशोधन संस्थेशी आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी करार केले. पदकासाठी जी काळजी घेण्याचे ठरले, ती लग्नाआधी वजन उतरवू पाहणाऱ्या मुलीसाठी आणि जिममध्ये जाणाऱ्या मुलासाठीही घेतली पाहिजे. बाजारातून नमुने उचलावेत, ठरावीक औषधांबरोबर अनोळखी रेणूंचाही शोध घेणारी पद्धत वापरावी आणि दोषी बॅचचे क्रमांक, उत्पादकाच्या नावासह, सर्वांना शोधता येतील अशा एकाच यादीत तातडीने प्रसिद्ध करावेत. अन्न, औषध आणि आयुष या तिन्ही खात्यांची यादी एकच असावी. अमेरिकेत अशी यादी आहे. तीत बाजारातील थोडीच उत्पादने सापडतात, असे तेथील प्रशासन स्वतःच सांगते. पण निदान तीत नाव शोधता येते.

तोवर वाचकाच्या हाती जे आहे ते एवढेच. वजन किंवा शक्तीसाठी एखादे पूरक सुरू केल्यावर तोंडाला कोरड, झोप उडणे, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, छातीत धडधड अशी लक्षणे एकत्र दिसू लागली, तर ‘चरबी वितळते आहे’ या खुलाशावर विश्वास न ठेवता ते थांबवावे आणि डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून सांगावे. छातीत दुखले किंवा एक बाजू लुळी पडली, तर थेट रुग्णालय गाठावे. डबी फेकू नये. उरलेल्या कॅप्सूल आणि बॅच क्रमांक हाच पुरावा असतो. दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही करता येते. एका माणसाच्या धडधडीला कोणी पुरावा म्हणणार नाही. पण एकाच बॅचबद्दल पाच शहरांतून पाच नोंदी आल्या, तर ती बॅच तपासायला घेण्याचे कारण तयार होते.